महिनाभराचं घर, चार पानांची चिठ्ठी

पुण्यात कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट आहे असं धरून चालू. नवरा-बायको दोघंही निवृत्त. मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीला. १५ मे ते १५ जून असा महिनाभर तिच्याकडे राहून यायचं ठरलं आहे. मागे राहणार चौदा कुंड्या आणि सोन्या नावाचा पाच वर्षांचा बोका. घर सांभाळायला येणार आहे पुण्यातच वसतिगृहात राहून शिकणारी भाची. मुलगी हुशार आहे आणि जबाबदारीनं वागणारी आहे. पण या घरात ती आजवर फक्त पाहुणी म्हणून आली आहे. कुठला नळ जरा जोरात बंद करावा लागतो आणि बोका रोज किती वाजता खायला मागतो, हे तिला कोणी कधी सांगितलेलं नाही.

अशा वेळी बहुतेक घरांत चिठ्ठी लिहिली जाते ती निघण्याच्या आदल्या रात्री, सामान भरता भरता. ‘झाडांना पाणी घाल, सोन्याला दोन वेळा खायला दे, बिलं आली तर कळव.’ यातली प्रत्येक ओळ बरोबर आहे आणि प्रत्येक ओळ अपुरी आहे. पाणी किती, खायला किती, आणि कळवलं तेव्हा न्यू जर्सीत पहाटेचे साडेचार वाजले असतील तर पुढे काय? चांगल्या चिठ्ठीत प्रत्येक कामाबद्दल तीन गोष्टी असाव्या लागतात: नेमकं काय करायचं, सगळं ठीक आहे हे कशावरून ओळखायचं, आणि ठीक नसेल तर भाचीनं स्वतः काय ठरवायचं. पहिली गोष्ट बहुतेक जण लिहितात. अडतं ते पुढच्या दोन गोष्टींवर.

झाडं: नावांपेक्षा पाणी महत्त्वाचं

सुरुवात गॅलरीपासून करू. चौदा झाडांची चौदा नावं लिहून दिली तर ज्याला झाडं ओळखता येत नाहीत त्याला त्यांचा उपयोग शून्य. त्याऐवजी पाण्याच्या गरजेनुसार कुंड्यांचे गट करावेत आणि कुंडीवर रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावावा. या घरात तीन गट पुरतात. लाल पट्टी म्हणजे रोज सकाळी पाणी: तुळस, मोगरा, जास्वंद, कढीपत्ता. पिवळी म्हणजे आठवड्यातून एकदा: दिवाणखान्यातले मनीप्लांट. पांढरी म्हणजे पंधरा दिवसांनी एकदा: कोरफड आणि स्नेकप्लांट.

प्रमाणही लिहावं. ‘भरपूर’ म्हणजे एकीला एक तांब्या वाटतो, दुसरीला अर्धी बादली. लाल आणि पिवळ्या पट्टीच्या कुंड्यांसाठी सोपी खूण अशी: खालच्या भोकातून पाणी झिरपू लागेपर्यंत सावकाश घालायचं, मग थांबायचं. इथे मे महिन्यातली एक फसगत भाचीला आधीच सांगून ठेवायला हवी. एखाद्या कुंडीतली माती फार सुकली की ती आक्रसते आणि कुंडीच्या कडेला फट पडते. मग घातलेलं पाणी त्या फटीतून तडक खाली जातं, भोकातून लगेच बाहेर येतं, आणि मुळांपर्यंत थेंबही पोचत नाही. पाणी घातल्या घातल्या खाली आलं आणि कुंडी उचलून पाहिली तर हलकीच लागली, तर हेच झालं आहे असं समजावं. त्यावर उपाय म्हणजे ती कुंडी पाण्याच्या टबात अर्धा तास बुडवून ठेवायची, म्हणजे माती खालून पाणी शोषून घेते.

पानं मलूल दिसली की नवखा माणूस घाबरून आणखी पाणी घालतो आणि पुष्कळ झाडं यातच जातात. चिठ्ठीत म्हणून एवढं असावं: ‘दुपारी दोन वाजता जास्वंद मान टाकते. संध्याकाळी परत बघ. सावरली असेल तर काही करू नकोस. सावरली नसेल तर बोटाचं दोन पेरं माती उकरून बघ. कोरडी असेल तर पाणी घाल. ओली असूनही पानं मलूल असतील, खालची पिवळी पडत असतील, तर पाणी जास्त झालंय. चार दिवस हात लावू नकोस.’ या पाच-सहा ओळींमुळे भाचीला फोन करायची गरज उरत नाही.

या महिन्याला आणखी एक अट आहे. तो अर्धा उन्हाळ्यात आहे आणि त्याची अखेर पावसात आहे. पुण्यात मोसमी पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोचतो, त्याआधी वळवाच्या सरी येऊन जातात. त्यामुळे ‘रोज पाणी’ हा नियम ३१ मेला योग्य असेल आणि १२ जूनला कदाचित घातक ठरेल. त्यातही गॅलरीत सगळ्या कुंड्यांवर पाऊस सारखा पडत नाही. कठड्यालगतच्या चिंब होतात, भिंतीलगतच्या कोरड्याच राहतात. म्हणून पाऊस सुरू झाल्यावर लाल पट्टीचा नियम बदलतो: ‘आधी बोट घालून बघ, माती ओली असेल तर त्या दिवशी सुट्टी.’ महिनाभर खत घालायचं नाही, छाटणी करायची नाही, कुंड्या बदलायच्या नाहीत, हेही स्पष्ट लिहावं. जास्वंदीच्या फांद्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर ते पिठ्या ढेकूण. ते ओल्या फडक्यानं पुसून काढायचे आणि ती कुंडी बाकीच्यांपासून लांब ठेवायची.

कुंड्यांखालच्या बशांचा उल्लेख मात्र वेगळ्या ओळीत हवा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. त्याची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि पाणी ओतून दिलं तरी ती टिकून राहतात. म्हणून आठवड्यातला एक वार ठरवून बशा नुसत्या ओतायच्या नाहीत, घासायच्या. कूलरची टाकी आणि फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे यांनाही हाच नियम. या घराच्या चिठ्ठीत त्यासाठी रविवार लिहिला आहे.

सोन्या: ठीक आहे हे कसं कळणार?

मांजर एकटं राहू शकतं, त्याला फिरायला न्यावं लागत नाही, म्हणून त्याच्यासाठी दोन ओळी पुरतील असं वाटतं. प्रत्यक्षात चिठ्ठीतला सगळ्यात काळजीचा भाग हाच, कारण मांजर आजारपण लपवतं आणि घरच्या माणसाला जे एका नजरेत कळतं ते नव्या माणसाला कळत नाही.

आधी साधी गोष्ट, खाणं. चार किलो वजनाच्या, नसबंदी झालेल्या, घरातच राहणाऱ्या बोक्याला कोरडं खाद्य दिवसाला साधारण ५५ ग्रॅम पुरतं. नेमका आकडा ब्रँडनुसार थोडा बदलतो आणि तो पाकिटावर छापलेला असतो. ग्रॅमचा काटा प्रत्येक घरात नसतो, म्हणून एका जुन्या कपावर सकाळच्या आणि रात्रीच्या हिश्शाची रेघ मार्करनं काढून ठेवावी. महिन्याला १,७०० ग्रॅम लागणार, तर सव्वादोन किलो तरी भरून ठेवावं. रोजचं खाद्य संपल्यामुळे अचानक दुसरा ब्रँड आणला तर मांजराचं पोट बिघडतं किंवा ते तोंडच लावत नाही. दूध द्यायचं नाही, कारण मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना ते पचत नाही. पाण्याची वाटी रोज धुवायची आणि मे महिन्यात घरात दोन ठिकाणी ठेवायची.

आता ओळखण्याच्या खुणा. मालक गेल्यावर पहिले एक-दोन दिवस सोन्या पलंगाखाली बसेल आणि कमी खाईल. हे नेहमीचं आहे, त्याला ओढून बाहेर काढायचं नाही. पण कमी खाणं वेगळं आणि अजिबात न खाणं वेगळं. चोवीस तासांत त्यानं एक दाणाही खाल्ला नाही तर डॉक्टरांना फोन करायचा. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, विशेषतः ते अंगानं जाड असेल, तर शरीरातली चरबी यकृतात साठू लागते आणि तो आजार जिवावर बेततो. माणसासारखं ‘भूक लागली की खाईल’ असं म्हणून वाट बघता येत नाही.

दुसरी खूण मातीच्या ट्रेमध्ये मिळते. गोळा होणारी माती वापरत असाल तर रोज सकाळी गोळे काढताना ते मोजता येतात. सोन्याचे रोज दोन ते चार गोळे असतात, हे चिठ्ठीत लिहून ठेवलं की भाचीच्या हाती तब्येतीचं एक माप येतं. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते आणि ती खड्यांनी किंवा गाळानं बंद होऊ शकते. मग बोका पुन्हा पुन्हा ट्रेत जाऊन बसतो, जोर करतो, ओरडतो, आणि ट्रेत काहीच नसतं. नवख्याला हे बद्धकोष्ठ वाटतं. हा मात्र प्राणघातक प्रसंग आहे. लघवी पूर्ण अडली तर एक-दोन दिवसांत प्राण जाऊ शकतात, म्हणून चिठ्ठीत ही ओळ मोठ्या अक्षरात हवी: ‘ट्रेमध्ये जोर करतोय आणि गोळा नाही, तर सकाळची वाट बघू नकोस. लगेच दवाखान्यात ने. आम्हाला वाटेतून फोन कर.’

दवाखाना कुठला, रात्री उघडा असणारा दुसरा कुठला, मांजराची पेटी कुठे ठेवली आहे आणि लसीकरणाची वही कुठे, हे त्याच पानावर असावं. माणसासाठी घरात असलेलं कुठलंही औषध त्याला द्यायचं नाही. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. मनीप्लांटची पानं त्यानं चावली तर तोंडात जळजळ होते आणि लाळ गळते, म्हणून त्या कुंड्या उंचावर ठेवून मगच निघावं. आणि डॉक्टरांच्या नावानं सहीचं एक पत्र: ‘आमच्या गैरहजेरीत आमची भाची सोन्याला घेऊन आल्यास उपचार करावेत. दहा हजार रुपयांपर्यंतच्या खर्चाला आमची संमती आहे. त्यापुढे फोन करावा.’ रक्कम प्रत्येक घरानं आपल्या ऐपतीप्रमाणे ठरवावी, पण ती लिहून द्यावी. आकडा समोर असला की रात्री अकरा वाजता परक्या घरच्या मांजरावर किती खर्च करायचा, या कोड्यात मुलगी अडकत नाही.

बिलं: अडचण ओटीपीची

बिलं भाचीच्या हाती द्यायची गरज सहसा नसते. महिन्याभरात येणाऱ्या बिलांची यादी केली तर लक्षात येतं की त्यातली बरीच निघण्यापूर्वीच भरून टाकता येतात. सोसायटीचा देखभाल खर्च आगाऊ देता येतो. पुणे महापालिकेचा मिळकतकर या महिन्यात विशेष लक्षात ठेवायचा, कारण तो ठरवून दिलेल्या मुदतीत भरणाऱ्यांना सर्वसाधारण करात ५ किंवा १० टक्के सवलत असते, आणि ती मुदत आपलं जोडपं न्यू जर्सीत असताना संपू शकते. तो १५ मेच्या आतच भरायचा.

उरतं वीजबिल. महावितरणच्या बिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो आणि त्यावरून बिल कुणालाही भरता येतं. तो क्रमांक चिठ्ठीत लिहिला की पासवर्ड किंवा कार्ड काहीच द्यावं लागत नाही. बँकेतून आपोआप पैसे वळते होण्याची सोय केली असेल तर एक मर्यादा माहीत असावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी आपोआप वसुली सर्वसाधारणपणे १५,००० रुपयांपर्यंत ओटीपीशिवाय होते. त्यावरच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागतो. तो भारतातल्या सिमकार्डवर येणार आणि परदेशी रोमिंग सुरू केलेलं नसेल तर येणारच नाही. म्हणून निघण्यापूर्वी रोमिंग सुरू करून घ्यावं. एखादं बिल राहून गेलं तरी त्याच दिवशी अंधार होत नाही. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ही गोष्ट भाचीला माहीत असली, की बिल बंद करा म्हणून येणारे ‘आज रात्री वीज तोडली जाईल’ असे खोटे मेसेज ती सरळ पुसून टाकेल.

हाच मोबाइलचा अडसर गॅसला येतो. सिलिंडर घरी आणून देणारा माणूस एक कोड मागतो आणि तो कोड नोंदणी केलेल्या मोबाइलवर जातो. मोबाइल न्यू जर्सीत, सिलिंडर कोथरूडच्या दारात. एकट्या मुलीला महिनाभरात १४.२ किलोचा एक सिलिंडर संपवणं कठीण आहे, म्हणून निघताना एक जोडलेला आणि एक भरलेला ठेवला की प्रश्न मिटतो. जोडलेला कधी लावला ती तारीख मात्र लिहावी. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, कुठल्याही दिव्याच्या बटणाला हात नाही, बाहेर येऊन १९०६ ला फोन, हे चार टप्पे ओट्याजवळ चिकटवावेत.

दूध, पेपर, कामाच्या मावशी आणि कचरा नेणाऱ्या ताई यांचे पैसे रोखीचे आणि छोटे असतात. एका लिफाफ्यात नोटा आणि त्यावरच नावं, रकमा, तारखा. दूध अर्ध्या लिटरवर आणायचं असेल तर दूधवाल्याला आपणच सांगून जावं. भाचीच्या सांगण्यावरून तो बदल करेलच असं नाही.

किल्ल्या आणि दार

बहुतेक फ्लॅटच्या दाराला लॅच असतो आणि वाऱ्यानं दार आदळलं की माणूस बाहेर, किल्ली आत. मे-जूनमधल्या वादळी वाऱ्यात हे हमखास होतं. म्हणून तीन जुडगे लागतात. एक भाचीकडे, एक शेजारच्या काकूंकडे, एक पुण्यातल्याच दुसऱ्या नातेवाइकाकडे. कुंडीखाली किंवा चपलांच्या कपाटात एकही नाही. किल्लीला पत्ता किंवा फ्लॅट क्रमांक अडकवायचा नाही, रंगीत धागा पुरे. नवी किल्ली करून आणली की ती तीन-चार वेळा लावून पाहावी, कारण किल्लीवरून किल्ली असं दोन-तीनदा झालं की दाते झिजतात आणि कुलूप ऐन वेळी अडतं. सेफ्टी दाराची, टपालपेटीची आणि गच्चीची किल्ली वेगळी असते, ती जुडग्यात आहे ना हे पाहावं. कपाट आणि बँकेच्या लॉकरच्या किल्ल्या मात्र या जुडग्यात नकोत.

सोसायटीच्या कचेरीत दोन ओळींचं पत्र द्यावं: कोण राहणार आहे, कधीपासून कधीपर्यंत. फाटकावर मोबाइल अ‍ॅपची व्यवस्था असेल तर तिथे भाचीचा क्रमांक जोडावा. नाहीतर दुपारी दोन वाजता कुरिअरवाला फाटकाशी येतो आणि न्यू जर्सीत पहाटे साडेचारला फोन वाजतो.

याच पानावर पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे आणि तो कुठल्या दिशेनं फिरवला की बंद होतो, याची खूण हवी. पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद राहण्याचे प्रसंग नेहमीचे आहेत. त्या दिवशी कोरडा नळ उघडून बघितला आणि तसाच राहिला, की शुक्रवारी घरात तळं होतं. ‘बाहेर जाताना सगळे नळ हातानं तपास’ ही ओळ बारीक दिसते, पण खालच्या मजल्यावरच्या छताचं नुकसान ती वाचवते.

साठा: काय वापर, काय राखून ठेव

स्वयंपाकघरातल्या साठ्याबद्दल पाहुण्याला संकोच असतो. वरच्या फळीवरचं लोणचं यंदाचं, वर्षाचं असेल तर ती ते उघडणार नाही, पण दारातला आंब्याचा रसही न खाता नासू देईल. म्हणून दोन याद्या कराव्यात. ‘हे आधी संपव’ या यादीत फ्रिजमधलं सगळं, आंबे, रवा आणि गव्हाचं पीठ, कारण उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत त्यात किडे होऊ शकतात. ‘हे तसंच राहू दे’ या यादीत वर्षाचं लोणचं आणि नुकतंच वाळवून भरलेल्या कुरडया-पापडांचे डबे. ते डबे पावसाला सुरुवात झाल्यावर उघडायचे नाहीत, दमट हवा आत गेली की मऊ पडतात. बाकी सगळं मोकळेपणानं वापरायला सांगावं.

मांजराची माती दहा किलो, झाडू, फिनेल, वॉटर फिल्टरचा सुटा भाग आणि दोन फ्यूज असं सामान एकाच कप्प्यात ठेवावं आणि कप्प्यावर तसं लिहावं.

तालीम

चिठ्ठी लिहून झाली की ती बरोबर आहे की नाही हे तपासायची एक खात्रीची रीत आहे. निघायच्या आठवडाभर आधी भाचीला एक दिवस राहायला बोलवायचं. तिनं फक्त चिठ्ठी वाचून सकाळपासून रात्रीपर्यंतची सगळी कामं करायची. मामा-मामींनी घरातच बसायचं, पण आपणहून काही सांगायचं नाही. तिनं जे विचारलं ते ते चिठ्ठीत लिहायचं राहिलं आहे असं समजून लगेच भर घालायची. पहिल्याच तासात प्रश्न येतात. गिझरचं बटण कुठलं? बोका स्वयंपाकघरात आला तर चालतो का? इन्व्हर्टर बीप करतोय, हे नेहमीचं आहे का? संध्याकाळपर्यंत दोन पानांची चिठ्ठी चार पानांची होते.

त्याच दिवशी फोनची वेळ ठरवावी. मे-जूनमध्ये न्यू जर्सीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. पुण्यात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा तिथे सकाळचे साडेदहा झालेले असतात, दोघांनाही सोयीचे. बारीकसारीक प्रश्न दिवसभर वहीत लिहून ठेवायचे आणि आठ वाजता विचारायचे. अपवाद तीनच: बोका, गॅस आणि पाणी.

चिठ्ठी कागदावर असावी, फ्रिजवर लावावी, आणि तिचा फोटो भाचीच्या आणि शेजारच्या काकूंच्या मोबाइलमध्ये असावा. कुंड्यांवर पट्ट्या, सोसायटीला पत्र, नव्या किल्ल्या आणि रोमिंग या कामांना दिवस लागतात. म्हणून ज्यांना सुट्टीत महिनाभर बाहेर जायचं आहे त्यांनी तिकिटं काढली त्याच आठवड्यात ही चिठ्ठी लिहायला घ्यावी.